स्प्रिंटमध्ये प्रत्येकाच्या हाती खरे किती तास उरतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठ तासांचा दिवस, दहा दिवसांचा स्प्रिंट, म्हणजे माणशी ऐंशी तास. यात चुकलं काय?

गुणाकार बरोबर आहे, पण तो हजेरीचा आहे. माणूस ऑफिसात किंवा लॅपटॉपसमोर किती वेळ असतो ते त्यातून कळतं. प्लॅनिंगला लागतं ते वेगळंच: स्प्रिंट बोर्डावरच्या कामाला हात लावायला त्याच्याकडे किती वेळ आहे? या दोन आकड्यांमधली दरी बहुतेकांच्या अंदाजापेक्षा मोठी असते. खाली पाच जणांच्या एका टीमचं गणित सोडवून दाखवलं आहे. तिथे कागदावरच्या ३६० तासांचे शेवटी १४८ होतात, आणि त्या टीममध्ये कोणीही आळशी नाही की कोणाची लांब रजाही नाही.

दरी असणं हा प्रश्न नाही. ती कोणी मोजत नाही, म्हणून ऐंशी तास धरून काम घेतलं जातं आणि दुसऱ्या आठवड्याच्या बुधवारी सगळे एकमेकांकडे बघत बसतात.

वजाबाकी कोणत्या क्रमाने करायची? क्रमाने खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. क्रम असा ठेवा: आधी दिवस, मग तास, आणि टक्के अगदी शेवटी.

दिवस म्हणजे सार्वजनिक सुट्टी आणि वैयक्तिक रजा. ते काढल्यावर उरलेल्या दिवसांचे तास करा. त्यातून मीटिंगचे तास वजा करा, मग सपोर्टचे. जे उरेल त्याला गुणक लावा, म्हणजे इकडून तिकडे लक्ष जाणं, बिल्ड होईपर्यंत थांबणं, कोणीतरी येऊन ‘दोन मिनिटं आहेत का’ विचारणं, या सगळ्यासाठीची टक्केवारी.

गुणक आधी लावला तर काय होतं ते बघा. एका डेव्हलपरचे ७२ तास आहेत, मीटिंग आणि सपोर्ट मिळून ३६.२५ तास जातात आणि गुणक ०.८ आहे. वजाबाकी आधी केली तर उरतात २८.६ तास. गुणक आधी लावला तर उरतात २१.३५. एकाच माणसाच्या हिशोबात सात तासांची तफावत. पहिला आकडा बरोबर, कारण गुणक फक्त स्प्रिंटच्या कामाला बसलेल्या वेळेचा आहे. एक तासाची मीटिंग पूर्ण एक तासच खाते, आणि सपोर्टचे तास तर तुम्ही प्रत्यक्ष मोजूनच घेतलेले असतात. त्यांच्यावर पुन्हा वीस टक्के घट लावली तर तो दुहेरी दंड होतो.

मीटिंगमध्ये नेमकं काय काय धरायचं?

आधी स्क्रमच्या स्वतःच्या मीटिंगा धरा. २०२० च्या स्क्रम गाइडमध्ये एक महिन्याच्या स्प्रिंटसाठी कमाल मर्यादा दिलेल्या आहेत: प्लॅनिंगला आठ तास, रिव्ह्यूला चार, रेट्रोला तीन. रोजचा स्टँडअप पंधरा मिनिटांचा. स्प्रिंट लहान असेल तर या मीटिंगा सहसा लहान होतात एवढंच गाइड म्हणतं. दोन आठवड्यांसाठी बरोबर निम्मे असा नियम त्यात नाही. शिवाय या मर्यादा आहेत, सरासरी नव्हे. त्यामुळे गाइडमधला आकडा उचलू नका, स्वतःचं कॅलेंडर उघडा.

कॅलेंडरही जसंच्या तसं खरं मानू नका. पंधरा मिनिटांचा स्टँडअप पंचवीस मिनिटं चालत असेल तर हिशोबात पंचवीसच लिहा. नऊ दिवसांत माणशी दीड तासाचा फरक पडतो, पाच जणांत साडेसात तास. हा आकडा डोळ्यांसमोर आल्यावर स्टँडअप आपोआप आवरता झाल्याचं मी एकदा पाहिलं आहे.

मग प्रत्येकाच्या वेगळ्या मीटिंगा: मॅनेजरबरोबरची वन-ऑन-वन, संपूर्ण कंपनीची बैठक, डिझाइनची चर्चा, भरतीच्या मुलाखती. मुलाखतीत एक खोच आहे. कॅलेंडरवर एक तास दिसतो, पण आधी बायोडाटा वाचणं आणि नंतर अभिप्राय लिहिणं धरून दीड ते दोन तास जातात. टीममधल्या सिनिअर माणसाचे तास बहुतेक इथेच वितळतात, आणि तोच सगळ्यात अवघड स्टोरी स्वतःकडे घेऊन बसलेला असतो.

दोन मीटिंगांच्या मध्ये उरलेल्या अर्ध्या तासाचं काय? त्यात फारसं काही होत नाही हे खरंच आहे. पण तो वेगळा वजा करू नका, तो गुणकात येतो.

रजा तर सोपी आहे ना? दिवस वजा केले की झालं?

जवळजवळ. दोन बारीक गोष्टी आहेत.

माणूस रजेवर असेल त्या दिवशीच्या मीटिंगाही त्याच्या खात्यातून काढाव्या लागतात. पूर्ण आठ तास गेले, त्याच दिवसाची रिफाइनमेंट पुन्हा वजा केली, तर तो तास दोनदा गेला.

दुसरी गोष्ट आजारपणाची. ते आधी सांगून येत नाही, म्हणून काही टीम ‘असू दे’ म्हणून माणशी अर्धा दिवस बाजूला काढतात. मागच्या स्प्रिंटांवरून तुमचा गुणक काढताना आजारपणाचे दिवस तुम्ही उपलब्ध दिवसांतच धरले असतील, तर ते नुकसान गुणकात आधीच आलेलं आहे. एकाच ठिकाणी धरा. मी ते गुणकातच राहू देतो. कोण आजारी पडणार याचा अंदाज माणसागणिक मांडणं बरंही दिसत नाही.

सपोर्ट ड्यूटीचे तास कसे ठरवायचे? कधी काहीच येत नाही, कधी पूर्ण आठवडा जातो.

मोजून. दुसरा मार्ग नाही. आठवणीतून विचारलं तर प्रत्येकजण आपला सगळ्यात वाईट आठवडा सांगतो आणि मॅनेजर सगळ्यात शांत आठवडा सांगतो.

तीन स्प्रिंट, म्हणजे सहा आठवडे, ड्यूटीवरच्या माणसाने एक साधी नोंद ठेवायची: तिकीट कोणतं आणि अर्ध्या तासाच्या टप्प्यांत वेळ किती गेला. मिनिटांचा हिशोब नको, तो कोणी ठेवत नाही आणि ठेवला तरी खरा नसतो. समजा सहा आठवड्यांचे आकडे असे आले: १८, २२, ३१, २४, १९, ३६. बेरीज १५०, सरासरी आठवड्याला २५ तास. म्हणजे ड्यूटीवर असलेल्या माणसाचे रोज पाच तास सपोर्टला जातात. ‘तो थोडाफार सपोर्ट बघेल, बाकी वेळ स्टोरीवर’ या वाक्यातला ‘थोडाफार’ निम्म्याहून जास्त दिवसाचा निघाला.

सरासरी धरायची की वाईट आठवडा? नेहमीच्या स्प्रिंटला सरासरी पुरते, मात्र यादीच्या तळाला एक-दोन कामं अशी ठेवायची की ती राहिली तरी कोणाचं अडणार नाही. ठरलेल्या तारखेला काहीतरी द्यायचंच असेल तर सरासरीवर भिस्त नको. वरच्या सहा आठवड्यांपैकी दोन आठवडे सरासरीच्या बरेच पुढे गेले आहेत. अशा वेळी मी वरून दुसरा आकडा घेतो, इथे ३१. सगळ्यात मोठा घेतला तर तीनपैकी दोन स्प्रिंटांत हातचा उगाचच पडून राहतो.

रात्री फोन येत असतील तर त्याचा हिशोब वेगळा आहे. पहाटे तीनला उठून सर्व्हर उभा करणाऱ्या माणसाचे तीन-चार तास दुसऱ्या दिवशी गेले असं धरा, त्याने सकाळी उशिरा येण्याची सवलत घेतली असो वा नसो. सवलत न घेतलेल्या दिवशी लिहिलेला कोड आठवडाभर निस्तरावा लागतो, हा स्वानुभव.

सुट्टीच्या आठवड्यात सपोर्ट कमी धरायचा का?

चार दिवसांचा आठवडा, म्हणून चार गुणिले पाच असे वीस तास, असं वाटणं साहजिक आहे. पण तिकिटांना आपली सुट्टी माहीत नसते. वापरणारे लोक त्या दिवशी काम करत असतील तर आठवड्याची तिकिटं तेवढीच येतात आणि चार दिवसांत दाटीने बसतात. तसं असेल तर पूर्ण २५ धरा. वापरणाऱ्यांनाही सुट्टी असेल तरच २०. याची खात्री तिकिटांच्या तारखा बघून होते: सुट्टीच्या दिवशी किती तिकिटं उघडली गेली ते मागच्या दोन-तीन सुट्ट्यांवरून तपासा.

शेवटचा गुणक कुठून आणायचा? ०.६ पासून ०.८ पर्यंत काहीही ऐकायला मिळतं.

दोन्ही बाजूंचे लोक खरं बोलत असतात, फक्त वेगळ्या गोष्टी मोजत असतात. ०.६ म्हणणाऱ्याने बहुधा मीटिंगा आणि सपोर्ट त्यातच बसवलेले असतात. तुम्ही ते आधीच तासांनी वजा केले असतील तर ०.६ लावणं म्हणजे तेच ओझं दुसऱ्यांदा लादणं. ही चूक मी स्वतः केली आहे: कुठेतरी वाचलेला ०.६ उचलला, वर मीटिंगाही काढल्या, आणि टीमचं काम सातव्या दिवशीच संपलं. तीन दिवस बॅकलॉगमधून घाईघाईत कामं ओढली, त्यातली दोन अर्धवट राहिली, आणि रेट्रोमध्ये ‘अंदाज चुकले’ असं लिहून मोकळे झालो. अंदाज ठीक होते. गुणक माझा चुकला होता.

स्वतःचा गुणक असा काढा. मागच्या एका स्प्रिंटसाठी रजा, मीटिंग आणि सपोर्ट वजा करून किती तास उरले होते ते मांडा. त्याच स्प्रिंटमध्ये बोर्डावरच्या कामांवर प्रत्यक्ष किती तास लागले ते बघा. दुसऱ्याला पहिल्याने भागा. असं तीन स्प्रिंटांचं करा. ०.७८, ०.८३, ०.७९ असं काही आलं तर ०.८ घेऊन पुढे चला. तीन आकडे एकमेकांपासून फार लांब असतील, जसे ०.५५ आणि ०.८५, तर गुणक शोधत बसू नका. वजाबाकीत एखादं मोठं काम सुटलं आहे, बहुतेक कोणाच्याही यादीत नसलेला सपोर्ट.

एखादं पूर्ण उदाहरण द्या.

दोन आठवड्यांचा स्प्रिंट, सोमवार ते शुक्रवार, दिवसाचे आठ तास, जेवणाची सुट्टी त्यात नाही. दुसऱ्या आठवड्यातला बुधवार सार्वजनिक सुट्टीचा, म्हणून नऊ दिवस. मीटिंगा अशा: पहिल्या सोमवारी प्लॅनिंग तीन तास, दर गुरुवारी रिफाइनमेंट एक तास, शेवटच्या शुक्रवारी रिव्ह्यू एक तास आणि रेट्रो दीड तास. हे साडेसात. रोजचा पाव तासाचा स्टँडअप नऊ दिवस, म्हणजे सव्वादोन. पूर्ण हजर माणसाचे ९.७५ तास असे जातात. याशिवाय वन-ऑन-वन आणि कंपनीची बैठक मिळून प्रत्येकाचा दीड तास.

टीममध्ये पाच जण आहेत. ‘अ’ सिनिअर आहे. दीड तासाऐवजी मुलाखती वगैरे धरून त्याचे सहा तास जातात आणि नव्या माणसाला शिकवायला आणखी चार. ‘ब’ची पहिल्या आठवड्यात गुरुवार-शुक्रवार रजा आहे. ‘क’ पहिल्या आठवड्यात सपोर्टवर, ‘ड’ दुसऱ्या आठवड्यात. ‘ड’ला पहिल्या आठवड्यात अर्ध्या दिवसाची रजाही हवी आहे. ‘इ’ नवीन आहे आणि निम्मा वेळ दुसऱ्या टीमला देतो. वापरणारे लोक सुट्टीच्या दिवशीही काम करतात, म्हणून सपोर्ट दोन्ही आठवडे २५ तास धरला आहे.

| | दिवसांचे तास | स्क्रमच्या मीटिंगा | इतर | सपोर्ट | उरले | गुणक | हाती |
|---|---|---|---|---|---|---|---|
| अ | ७२ | ९.७५ | १० | ० | ५२.२५ | ०.८ | ४१.८ |
| ब | ५६ | ८.२५ | १.५ | ० | ४६.२५ | ०.८ | ३७ |
| क | ७२ | ९.७५ | १.५ | २५ | ३५.७५ | ०.८ | २८.६ |
| ड | ६८ | ९.७५ | १.५ | २५ | ३१.७५ | ०.८ | २५.४ |
| इ | ३६ | ९.७५ | १.५ | ० | २४.७५ | ०.६ | १४.८५ |

‘ब’च्या रजेच्या गुरुवारी रिफाइनमेंट होती, शिवाय दोन स्टँडअप चुकले, म्हणून त्याच्या मीटिंगा दीड तासाने कमी आहेत. बेरीज १४७.६५, म्हणजे १४८ धरू. कागदावर चार पूर्ण आणि एक अर्धा माणूस मिळून ३६० तास होते. त्यातले ४१ टक्के उरले.

‘इ’ला अर्धा माणूस धरलं, मग त्याचे चाळीस तासांचे पंधराच का झाले?

कारण माणूस अर्धा करता येतो, मीटिंग अर्धी करता येत नाही. ‘इ’ निम्मा वेळ इथे असला तरी प्लॅनिंगला तीनच तास बसतो, स्टँडअपला रोज येतो. आणि तिकडच्या टीममध्येही बहुधा हेच करतो. दोन टीममध्ये वाटलेला माणूस मीटिंगांची किंमत दोनदा मोजतो, हे वाटप करणाऱ्याच्या तक्त्यात कधीच दिसत नाही. त्यावर नवखेपणाचा ०.६. हा आकडा कायमचा नाही. दोन-तीन स्प्रिंटांनी तो पुन्हा मोजून बदलायचा.

‘अ’चे चार तास शिकवण्यात गेले, तेही याच खात्याचे. ते धरले तर या स्प्रिंटमध्ये ‘इ’मुळे टीमला झालेली खरी भर साधारण अकरा-बारा तासांची आहे. यात कोणाचा दोष नाही, पण ‘आता तुम्हाला एक माणूस वाढवून दिला आहे’ हे ऐकल्यावर हा आकडा जवळ असलेला बरा.

‘क’ आणि ‘ड’ यांचे तास जवळपास सारखेच आहेत. मग कोणाला कोणतं काम द्यावं याने काय फरक पडतो?

फरक इथेच पडतो, आणि एकूण तासांचा तक्ता तो लपवतो. तास किती आहेत याइतकंच ते कधी पडतात हेही बघावं लागतं.

दोघांचा हिशोब आठवड्यानुसार मांडू, गुणक लावायच्या आधीचा. ‘क’ला पहिल्या आठवड्यात सपोर्ट, प्लॅनिंग वगैरे जाऊन नऊ तास उरतात आणि दुसऱ्या आठवड्यात जवळपास सत्तावीस. ‘ड’चं उलट आहे: पहिल्या आठवड्यात तीस, दुसऱ्या आठवड्यात पावणेदोन. हो, पावणेदोन. चारच दिवस, पूर्ण सपोर्ट, रिफाइनमेंट, रिव्ह्यू, रेट्रो, उरणार काय?

आता समजा एपीआयचं काम ‘क’ला दिलं आणि त्यावर चालणारी स्क्रीन ‘ड’ला. तक्त्याप्रमाणे दोघांकडे पुरेसे तास आहेत. प्रत्यक्षात ‘क’चं एपीआय दुसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी तयार होईल, तेव्हा ‘ड’ सपोर्टमध्ये गळ्यापर्यंत बुडालेला असेल. काम हमखास पुढच्या स्प्रिंटमध्ये जाणार, आणि प्लॅनिंगच्या दिवशीच ते ठरलेलं होतं. उलट वाटप केलं, एपीआय ‘ड’ला आणि स्क्रीन ‘क’ला, तर तेच तास पुरतात. मात्र ‘ड’ने पहिल्या शुक्रवारपर्यंत काम मर्ज करून मोकळं व्हायला हवं. त्याच्या कामात टेस्टरने काही चूक सोमवारी काढली तर ती दुरुस्त करायला कोण आहे, हेही तेव्हाच ठरवा.

आणखी एक गोष्ट दिवसाचा हिशोब केल्यावरच दिसते. पहिल्या सोमवारी ‘क’चा प्लॅनिंग, स्टँडअप आणि पाच तास सपोर्ट मिळून सव्वाआठ तासांचा दिवस होतो. म्हणजे त्या दिवशी सपोर्ट तरी मागे पडणार किंवा तो प्लॅनिंगमध्ये मान खाली घालून तिकिटं बघत बसणार. आम्ही सपोर्टची पाळी सोमवारऐवजी मंगळवारी बदलायला लागलो, तेव्हा हा त्रास संपला: प्लॅनिंगच्या दिवशी मागच्या पाळीचा माणूस ड्यूटीवर असायचा, पण त्याच्या डोक्यात चालू तिकिटांचा सगळा तपशील ताजा असल्यामुळे कमी वेळात निभायचं.

कोड रिव्ह्यूचे तास वेगळे वजा करायचे का?

कामाच्या अंदाजात रिव्ह्यू धरला असेल तर नाही. धरला नसेल तर हो, आणि तोही बहुतेक ‘अ’च्या खात्यातून, कारण सगळे पुल रिक्वेस्ट त्याच्याकडेच जातात. वरच्या उदाहरणात प्रत्येक कामाला रिव्ह्यूचा उपटास्क आहे असं गृहीत धरलं आहे. काहीही चालेल, टीमभर एकच पद्धत हवी.

मग १४८ तासांचं काम घ्यायचं?

बेरीज १४८ आहे, पण ते तास एका हंड्यातलं पाणी नाहीत. डेटाबेसचं काम फक्त ‘ब’लाच जमत असेल तर डेटाबेसची कामं ३७ तासांत बसली पाहिजेत, ‘अ’कडे उरलेले तास तिथे कामाचे नाहीत. आधी प्रत्येकाचं ताट बघा, मग बेरीज.

आम्ही तासांत नाही, पॉइंटमध्ये अंदाज करतो. आम्हाला याचा उपयोग?

आहे, स्प्रिंटमध्ये किती घ्यायचं एवढ्यापुरता. मागच्या तीन स्प्रिंटांत हाती तास १९०, १६५ आणि १७५ होते आणि पूर्ण झालेले पॉइंट ३१, २७ आणि २९, असं समजा. ५३० तासांत ८७ पॉइंट. त्याच प्रमाणात १४८ तासांत साधारण २४ येतात. नुसती सरासरी व्हेलॉसिटी बघून २९ घेतले असते तर पाच पॉइंट पहिल्या दिवसापासूनच जास्तीचे होते.

पण यातून ‘एक पॉइंट म्हणजे सहा तास’ असा भाव काढू नका. हे प्रमाण पूर्ण स्प्रिंटच्या पातळीवर चालतं, एकेका स्टोरीवर नाही. तो भाव एकदा कोणाच्या वहीत गेला की पॉइंट हे तासांचंच दुसरं नाव होतं.

यासाठी टूल लागतं का?

एक स्प्रेडशीट पुरते. B मध्ये टीमचे कामाचे दिवस, C मध्ये रजेचे दिवस, D मध्ये स्क्रमच्या मीटिंगा, E मध्ये इतर, F मध्ये सपोर्ट, G मध्ये गुणक:

```
=MAX(0,((B2-C2)*8-D2-E2-F2)*G2)
```

‘इ’सारख्या निम्म्या माणसासाठी B मध्ये ९ ऐवजी 4.5 लिहा, D ला हात लावू नका.

अ‍ॅझ्युअर डेव्हऑप्समध्ये स्प्रिंटच्या पानावर `Capacity` नावाचा टॅब असतो. तिथे माणशी रोजचे तास आणि रजेचे दिवस भरता येतात, टीमच्या सुट्टीची नोंद वेगळी होते, आणि गुणाकार तो स्वतः करतो. रोजचे तास म्हणून तिथे आठ भरू नका. ‘अ’साठी ४१.८ भागिले नऊ, म्हणजे साधारण ४.६ भरायचे. आठ भरून ‘टूल सांगतं जागा आहे’ म्हणणाऱ्या टीम मी पाहिल्या आहेत.

मॅनेजर विचारतात, ‘सिनिअर माणूस, रजाही नाही, आणि दोन आठवड्यांत फक्त बेचाळीस तास?’ काय सांगू?

तक्त्यातली ‘अ’ची ओळ दाखवा आणि त्यातलं काय काढायचं ते त्यांनाच विचारा. मुलाखती थांबवायच्या? नव्या माणसाला शिकवणं बंद करायचं? दोन्ही कामं त्यांनीच दिलेली असतात, त्यामुळे बोलणं लवकर मुद्द्यावर येतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

एका बाबतीत मात्र टीमच्या बाजूने ठाम राहा. हे आकडे प्लॅनिंगपुरतेच आहेत. वर्षअखेरच्या मूल्यमापनात ‘तुझे हाती तास कमी होते’ असं एकदा जरी कोणी ऐकलं, तरी पुढच्या स्प्रिंटपासून सपोर्टच्या नोंदी खोट्या होतील आणि तक्त्याचा उपयोग संपेल. मी तर टीमबाहेर फक्त बेरीज पाठवतो, ओळी नाही. वरच्यासारखी चर्चा असेल तर ती त्या माणसाला विचारून, त्याच्यासमोरच.

स्प्रिंट संपल्यावर ताळा कसा करायचा?

रेट्रोच्या आधी दहा मिनिटं काढा. माणसागणिक तीनच गोष्टी धरलेल्या आणि झालेल्या अशा शेजारी लिहा: रजा, मीटिंग, सपोर्ट. मग बोर्डावर काय राहिलं ते बघा.

काम राहिलं आणि सपोर्ट २५ च्या जागी ३८ झाला, तर वजाबाकीने दगा दिला. सरासरीत नवा आकडा मिसळा आणि पुढे चला. तास धरल्याप्रमाणेच मिळाले आणि तरीही काम राहिलं, तर तासांचा तक्ता खरा होता आणि कामाचा अंदाज कमी पडला. अशा वेळी गुणक ०.८ वरून ०.७ वर आणून भागवायचा मोह होतो. तो टाळा, कारण त्याने चूक चुकीच्या खणात जाते आणि पुढच्या वेळी मोठी स्टोरी पुन्हा तेवढ्याच कमी तासांत बसवली जाते. कोणती स्टोरी फुगली तिचं नाव काढा आणि ती पुढच्या रिफाइनमेंटला आणा.

तिसरी शक्यता चटकन लक्षात येत नाही: तास बरोबर, अंदाज बरोबर, तरीही दोन कामं अर्धवट. तेव्हा आठवड्यानुसारचा हिशोब उघडा. बहुतेक वेळा कोणीतरी ‘क’ची वाट बघत बसलेला ‘ड’ सापडतो.